स्पर्शिकेचा त्रिकोण मोठा काढ

गरम पाणी थंड होतानाचा तुझा आलेख छान आलाय, पण दहाव्या मिनिटाचा वेग म्हणून तू 88 मधून 68 वजा करून 10 ने भागलंस. मिनिटाला 2 अंश हा पहिल्या दहा मिनिटांचा सरासरी वेग झाला. नेमक्या दहाव्या मिनिटाला पाणी किती वेगाने निवतंय, हे तिथली स्पर्शिकाच सांगेल.

आधी बिंदूंमधून गुळगुळीत वक्र काढ, बिंदू पट्टीने जोडत बसू नकोस. मग दहाव्या मिनिटाच्या बिंदूवर छोटा सपाट आरसा वक्राला आडवा उभा धर आणि वक्र न मोडता सरळ आरशात शिरल्यासारखा दिसेपर्यंत फिरव. आरशाच्या कडेने रेघ मार. तिला त्याच बिंदूत काटकोनात काढलेली रेघ म्हणजे स्पर्शिका. इथे वक्र दोन्ही बाजूंना स्पर्शिकेच्या वरच राहायला हवा. एका बाजूला खाली गेला, तर रेघ तिरकी पडलीय.

आता स्पर्शिका कागदभर लांबव. वाचन वक्रावरून नको, रेघेवरूनच घे: 0 मिनिटाला 84, 20 मिनिटांना 52. चढ = (52 − 84) ÷ 20 = −1.6, म्हणजे मिनिटाला 1.6 अंशांनी घट. त्रिकोण दोनच मिनिटांचा काढलास, तर अर्ध्या अंशाच्या चुकीनेही उत्तर पाव अंशाने हलतं. वीस मिनिटांच्या त्रिकोणात तीच चूक जेमतेम जाणवते. आणि चौकोन मोजू नकोस, अक्षांवरचे आकडे वाच (दोन्ही अक्षांचं प्रमाण सहसा वेगळं असतं).

पडताळा हवा असेल तर वक्रावर 5 आणि 15 मिनिटांची तापमानं बघ. 77 आणि 61 येत असतील, तर जीवेचा चढही −1.6 च.