डिपॉझिट लिमिट लावूनही पैसे जातायत

प्रश्न : «लेस्टरला राहतो. रात्री फोनवर स्लॉट खेळतो, कधी क्रिकेटवर बेट लावतो. आठवड्याला ५० पौंडांची डिपॉझिट लिमिट लावली आहे, तरी महिनाअखेर हिशोब त्याच्या बराच वर जातो. टायमरचा मेसेज येतो, तो ओके करतो आणि पुढे खेळतो. नक्की काय लावायला हवं? आणि ते कूलिंग-ऑफ नुसतं नावालाच आहे का?»

आधी एक करा. खात्याच्या सेटिंगमध्ये जाऊन तुमची लिमिट ग्रॉस आहे की नेट, ते बघा. तुमचा हिशोब बहुधा तिथेच फसतोय.

समजा, सोमवारी ५० पौंड भरले, नशिबाने शिल्लक २३० झाली आणि शहाण्यासारखे तुम्ही १८० काढून घेतले. लिमिट ग्रॉस असेल तर त्या आठवड्याचा तुमचा कोटा संपला. नेट असेल तर साइट भरलेल्यातून काढलेले वजा करते, म्हणजे तिच्या लेखी तुम्ही उणे १३० वर आहात. मग मंगळवारी रात्री तुम्ही आणखी १८० पौंड भरू शकता आणि लिमिट तुम्हाला अडवतही नाही. काढून घेतलेला पैसा बँकेत सुरक्षित आहे असं आपल्याला वाटत असतं, पण त्यानेच परतीची वाट मोकळी केलेली असते. ग्रॉसचा पर्याय दिसत असेल तर तोच घ्या. दिसत नसेल तर सपोर्टला सरळ विचारा, ‘काढलेले पैसे तुम्ही लिमिटमधून वजा करता का?’

लिमिट रोजची ठेवू नका. काही साइट्सवर दिवस मध्यरात्री बदलतो. पावणेबाराला ३० भरणारा माणूस बारा वाजून पाच मिनिटांनी पुन्हा ३० भरू शकतो, आणि आपण खेळतो नेमके त्याच वेळी. आठवड्याची आणि महिन्याची अशा दोन लिमिट एकत्र लावा.

लॉस लिमिट डिपॉझिटपेक्षा जवळून पहारा देते, कारण ती खात्यात आधीच पडून असलेल्या पैशावरही लागू होते. पण तिचीही एक खोच आहे. ती बहुधा त्या कालावधीतल्या निव्वळ तोट्यावर चालते. आठवड्याची लॉस लिमिट ४० असेल आणि सोमवारी तुम्ही १८० जिंकला असाल, तर ती तुम्हाला थांबवणार २२० घालवल्यानंतर. जिंकलेले १८० तिच्या लेखी तोट्यात धरलेलेच नसतात. म्हणून जिंकलात की पैसे लगेच काढा, खात्यात मुक्कामाला ठेवू नका. एक दिलासा असा की ब्रिटनमधल्या परवानाधारक साइटवर एकदा काढायला टाकलेली रक्कम मधेच रद्द करून परत खेळायला घेता येत नाही. पूर्वी ती सोय होती आणि तिने भल्याभल्यांचं वाटोळं केलं. त्यात माझाही नंबर होता.

टायमरचं म्हणाल तर दोन वेगळ्या गोष्टी एकाच नावाने ओळखल्या जातात. तुम्ही ‘ओके’ करता तो रिॲलिटी चेक. तो फक्त सांगतो की इतकी मिनिटं झाली. त्याच्याकडे दाराला कडी नाही. सेशन लिमिट मात्र वेळ संपली की खेळ बंद करते, पण काही साइट्सवर लगेच पुन्हा लॉगिन करता येतं, तेवढं स्वतः तपासून बघा. वेळ किती ठेवायची, हे मी पैशातून काढतो. स्लॉटचा परतावा ९४ टक्के धरला आणि १ पौंडाने मिनिटाला दहा स्पिन मारले, तर तासात ६०० पौंडांची उलाढाल होते आणि त्यातले सरासरी ३६ जातात. मग ४० ची लॉस लिमिट लावून दोन तासांचा टायमर ठेवण्याला अर्थ काय? वीस मिनिटं ठेवा, तेवढ्यात सरासरी १२ पौंड जातील. सरासरी म्हणजे एखाद्या रात्री याच्या तिप्पटही जाऊ शकतात, हे गृहीत धरून चाला.

आता कूलिंग-ऑफ. लिमिट कमी करायची असेल तर ती ताबडतोब लागू होते. वाढवायची असेल तर किमान २४ तास थांबावं लागतं, आणि त्यानंतरही ती आपोआप वाढत नाही, तुम्ही पुन्हा येऊन ‘हो, वाढवा’ असं सांगावं लागतं. सगळी गंमत या दुसऱ्या ‘हो’मध्ये आहे.

माझाच किस्सा सांगतो. दोन वर्षांपूर्वी रात्री पावणेदोनला ४० ची लिमिट संपली. पुढचा स्पिन गेलेले परत आणणार अशी पक्की खात्री होती. मी १५० ची मागणी टाकली, साइट म्हणाली उद्या बघू. चरफडत झोपलो. दुसऱ्या रात्री मी सिंकपाशी कुकर घासत होतो तेव्हा मेल आला, ‘वाढीव मर्यादा मान्य करायची?’ हातात साबण, डोक्यात सकाळची शिफ्ट. मागणी टाकणारा रात्रीचा माणूस एव्हाना जाग्यावरच नव्हता. मेल तसाच राहिला आणि लिमिट ४० वरच राहिली. हरल्यावर भरून काढायची जी खाज सुटते ती काही तासांत ओसरते, आणि २४ तास तिला तेवढाच वेळ देतात. मोहावर मात करायचं मला जमलं नव्हतं, फक्त त्या वेळी बटण चालत नव्हतं.

याच्याही पुढचं म्हणजे टाइम-आउट. २४ तास, आठवडा किंवा महिना, मागितलात तर जास्तीत जास्त सहा आठवडे खातं बंद राहतं. पगाराचा आठवडा तुमचा वाईट जात असेल तर पगाराच्या आदल्या दिवशीच आठवड्याचा टाइम-आउट घ्या. हरून बसल्यावर घेऊ म्हटलं तर घेतला जात नाही.

या सगळ्याला एक मोठं भोक आहे. लिमिट आणि टाइम-आउट त्या त्या कंपनीपुरते असतात. एका साइटने दार लावलं की दुसरीचं उघडं असतंच. तुमची तीन खाती असतील तर ५० ची लिमिट प्रत्यक्षात १५० ची होते, आणि तुमचा महिनाअखेरचा आकडा कदाचित असाच फुगत असेल. एक खातं ठेवून बाकीची बंद करा. शिवाय बँकेच्या ॲपमध्ये गॅम्बलिंग ब्लॉक असेल तर तो चालू करा. तो काढायलाही बऱ्याच बँका दोनेक दिवस थांबवतात, तेही एक कूलिंग-ऑफच.

लिमिट संपताच नवीन साइटवर खातं उघडायची सवय लागली असेल, तर लिमिटशी खेळत बसू नका. गॅमस्टॉपला नाव घाला, म्हणजे सगळ्या साइट्सवर एकदमच स्वतःवर बंदी घालून घ्या. २०२० पासून ब्रिटनमधल्या सगळ्या परवानाधारक ऑनलाइन कंपन्यांना त्याच्याशी जोडलेलं असणं बंधनकारक आहे. सहा महिने, एक वर्ष किंवा पाच वर्षं असे पर्याय आहेत, आणि मुदत संपली तरी तुम्ही मागितल्याशिवाय बंदी उठत नाही. टाइम-आउट मात्र मुदत संपली की संपतो, हा फरक लक्षात ठेवा. फोनवर बोलावंसं वाटलं तर नॅशनल गॅम्बलिंग हेल्पलाइन ०८०८ ८०२० १३३, दिवसरात्र आणि फुकट.

भारतातून वाचणाऱ्यांसाठी एवढंच : ऑगस्ट २०२५ च्या कायद्याने तिथे पैशाचे ऑनलाइन खेळ बंद केले. अजूनही पैसे घेणाऱ्या परदेशी साइट्सना ब्रिटनचे हे नियम लागू नाहीत, तेव्हा तिथल्या लिमिटच्या बटणावर भिस्त ठेवू नका.

तुमचा ग्रॉस-नेटचा उलगडा झाला की इथे कळवा. साइटचा शब्द वेगळा असेल तर तो जसाच्या तसा टाका, त्याचा अर्थ काय ते बघू.