गोषवारा माणसाने लिहिल्यासारखा वाटावा, पण शास्त्र बिघडू नये, यासाठी काय करावं?

प्रश्न: विषय आहे सोलापुरातल्या विडी कामगार महिलांची मान-खांदेदुखी. गाईड मॅडमनी गोषवारा परत दिला, 'यंत्राने लिहिल्यासारखा वाटतो' म्हणाल्या. सोपा केला की पारिभाषिक शब्द जातात, नाहीतर 'असू शकते' निघून जाऊन दावा वाढतो. कसा लिहू?

उत्तर:

आधी गोषवाऱ्याची प्रिंट काढा आणि ज्याला हात लावायचा नाही त्याखाली पेन्सिलने रेघ मारा. तुमच्या विषयात ते साधारण असं निघेल: क्रॉस-सेक्शनल, सहसंबंध, समायोजित ऑड्स रेशो, कॉन्फिडन्स इंटरव्हल, 'गेल्या १२ महिन्यांत' ही मुदत आणि सगळे आकडे. बाकीचं खुशाल मोडा. गोषवारा निर्जीव होतो तो बहुतेक या शब्दांच्या आजूबाजूच्या भरताडामुळे.

तुमचा मजकूर समोर नाही, म्हणून एक नमुना रचतो. आकडे मनाचे आहेत, कुठे वापरू नका.

'प्रस्तुत संशोधनामध्ये विडी कामगार महिलांमधील मान व खांदेदुखीच्या प्रमाणाचे मूल्यमापन करण्यात आलेले असून, कामाच्या तासांचा सदर दुखण्याशी लक्षणीय सहसंबंध असल्याचे निदर्शनास आलेले आहे, ज्यावरून तास कमी केल्यास दुखणे कमी होऊ शकण्याची शक्यता नाकारता येत नाही.'

शेवट पुन्हा वाचा. 'शकण्याची', 'शक्यता', 'नाकारता येत नाही': एकावर एक तीन सावधगिऱ्या, आणि तिन्ही चुकीच्या जागी. तास कमी करून कुणी पाहिलेलंच नाही, मग त्याबद्दल दबक्या आवाजात तरी का बोलायचं? खरी शंका अभ्यासाच्या रचनेत आहे. तास आणि दुखणं एकाच भेटीत विचारलं, त्यामुळे आधी काय आणि नंतर काय ते कळत नाही. शिवाय दुखणं असह्य झालं म्हणून ज्यांनी विडी वळणं सोडलं, त्या बायका तुमच्या यादीत आल्याच नाहीत. सावधगिरी इथे लिहा, एकदाच, कारणासकट:

'सोलापूर शहरात घरी विड्या वळणाऱ्या २४० महिलांचे आम्ही क्रॉस-सेक्शनल सर्वेक्षण केले. रोज आठ किंवा अधिक तास काम करत असल्याचे सांगणाऱ्या ६१ टक्के महिलांना गेल्या १२ महिन्यांत मान किंवा खांदेदुखी झाली होती. त्याहून कमी तास सांगणाऱ्यांत हे प्रमाण ४३ टक्के होते. वयानुसार समायोजन केल्यावरही हा सहसंबंध टिकला (समायोजित ऑड्स रेशो २.०, ९५ टक्के कॉन्फिडन्स इंटरव्हल १.२ ते ३.४). तास आणि दुखणे एकाच वेळी नोंदवल्याने कार्यकारणभाव ठरवता येत नाही. दुखण्यामुळे काम सोडलेल्या महिला नमुन्यात नसल्याने प्रमाण प्रत्यक्षाहून कमी दिसत असू शकते.'

'आम्ही' लिहायला गाईड हरकत घेत असतील तर 'सर्वेक्षण केले' एवढंच ठेवा. त्यावरून वाद घालण्यात अर्थ नाही.

आता सगळ्यात मोठा खड्डा. सोपं करण्याच्या भरात ऑड्स रेशो २.० चं 'दुखण्याचा धोका दुप्पट' होऊन जातं. वरचेच आकडे घ्या. ६१ ला ४३ ने भागलं तर साधारण १.४ येतं, म्हणजे प्रमाण दीडपटसुद्धा नाही. दुप्पट होतात ते ऑड्स, म्हणजे दुखणाऱ्या आणि न दुखणाऱ्या बायकांच्या संख्येचं गुणोत्तर. दुखणं विरळा असतं तर हे दोन आकडे जवळजवळ आले असते. इथे जवळपास निम्म्या बायकांना ते आहे, म्हणून फरक एवढा पडतो. त्यामुळे दोन्ही टक्केवाऱ्या वाक्यात द्या आणि ऑड्स रेशो त्याच्या नावानेच कंसात ठेवा. वाचणाऱ्याला चित्र टक्केवारीतून दिसतं, परीक्षकाला हवं ते कंसात मिळतं.

'सांगणाऱ्या' हा शब्दही मुद्दाम आहे. विडीची मजुरी हजार विड्यांमागे मिळते, घरी वळणाऱ्या बाईकडे तासांची नोंद कुठून असणार? स्वयंपाक, मुलं, मग पुन्हा सूप मांडीवर. तिने अंदाजाने सांगितलेले तास 'कामाचे तास' म्हणून छापले तर तुम्ही न केलेलं मोजमाप केल्याचा दावा होतो. मुलाखती तेलुगूत झाल्या असतील तर तेही लिहा, चार शब्द लागतात.

आणि एका गोष्टीला शेवटपर्यंत एकच नाव ठेवा. शाळेत पुनरुक्ती टाळायला शिकवलेलं असतं, म्हणून पहिल्या वाक्यात सहसंबंध, दुसऱ्यात प्रभाव, तिसऱ्यात परिणाम असं होतं. 'परिणाम' आला की तुम्ही कारण सांगितलंत.

झालं की नवा गोषवारा विषयाबाहेरच्या कुणाला तरी एकदा वाचून दाखवा आणि काय कळलं ते विचारा. 'जास्त तास बसणाऱ्यांत दुखणं जास्त आढळलं, पण त्यामुळेच का ते माहीत नाही' असं उत्तर आलं तर मॅडमकडे पाठवा. 'तास कमी केले की दुखणं थांबतं' असं आलं तर शेवटची दोन वाक्यं पुन्हा लिहा.