‘९६ टक्के बनावट’ म्हणून विमा नाकारला, आता काय?

*वकीलताई, नमस्कार. बडोद्यात कारेलीबागेत आमचं साड्या आणि ड्रेस मटेरियलचं दुकान आहे. ऑगस्ट २०२४ मध्ये विश्वामित्रीचं पाणी दुकानात कमरेइतकं चढलं. सर्व्हेअर येऊन माल बघून गेले, आम्ही ३२ फोटो दिले. आता कंपनीचं पत्र आलंय की दोन फोटो ‘एआयनं तयार केलेले असण्याची शक्यता ९६ टक्के’, म्हणून दावा खोटा आणि नामंजूर. फोटो मी स्वतः मोबाईलवर काढलेत. यंत्रच असं म्हणत असेल तर माझं कोण ऐकणार? पोलीस केस होईल का?*

ताई, पत्रातला ‘शक्यता’ हा शब्द कंपनीचा आहे, यंत्राचा नाही. तुमची सगळी बाजू या एका फरकावर उभी राहते, म्हणून आधी तो समजून घ्या.

असं सॉफ्टवेअर तयार करताना त्याला हजारो खरे आणि हजारो बनवलेले फोटो दाखवतात. बारीक ठिपक्यांचा पोत, कडा, रंगांतले बदल यांतून ते फरक ओळखायला शिकतं. मग नवा फोटो दिला की शून्य ते एक यांमधला एक आकडा देतं. पडद्यावर तो टक्क्यांत दिसतो, म्हणून तो शक्यतेसारखा वाटतो. प्रत्यक्षात तो एवढंच सांगतो की शिकवताना दाखवलेल्या बनावट फोटोंशी तुमच्या फोटोचं बरंच साम्य आहे. शिकवताना खरे-खोटे बहुधा निम्मे-निम्मे असतात, विमा कंपनीकडे येणाऱ्या फोटोंत तसं नसतं. शिवाय असे प्रोग्रॅम चुकतानाही मोठ्या आत्मविश्वासानं आकडा देतात. ९६ आकडा आलेले फोटो शंभरातून खरोखर ९६ वेळा बनावट निघतात का, हे वेगळं तपासावं लागतं, आणि तेही तुमच्यासारख्या फोटोंवर. तसं तपासल्याचा एक शब्दही तुमच्या पत्रात नाही.

तुमच्याच धंद्यातलं बोलू. प्रत्येक पैठणीला जरीचा काठ असतो. पण जरीचा काठ दिसला की साडी पैठणीच, असं तुम्ही गिऱ्हाइकाला सांगाल का? जरीकाठाच्या साड्या दुकानात किती आणि त्यांत पैठण्या किती, यावर ते ठरतं. बनावट फोटोंना मोठा आकडा येतो हे खरं असेलही; पण मोठा आकडा आलेल्या फोटोंत बनावट किती, हा प्रश्न निराळा आहे. कंपनीनं पहिल्या प्रश्नाचं उत्तर दुसऱ्यासाठी वापरलंय.

आता हे आकड्यांत मांडते. आकडे मी समजुतीसाठी धरलेत, खरे कंपनीनं सांगायचेत. समजा, कंपनीकडे २,००० फोटो आले आणि त्यांत २० बनावट होते. सॉफ्टवेअर चांगलं आहे: बनावटांपैकी ९० टक्के पकडतं आणि खऱ्यांपैकी फक्त ५ टक्क्यांवर चुकून शिक्का मारतं. म्हणजे २० पैकी १८ बनावट पकडले गेले. उरलेल्या १,९८० खऱ्या फोटोंपैकी ९९ वरही शिक्का बसला. एकूण ११७ फोटो संशयित, त्यांत खरोखर बनावट १८. शंभराला साधारण १५. प्रत्येकावर आकडा मात्र मोठाच दिसणार.

तुमच्या बाबतीत आणखी एक गोष्ट आहे. तुम्ही एक नाही, ३२ फोटो दिलेत. खऱ्या फोटोवर चुकून शिक्का बसण्याचं प्रमाण ५ टक्के धरलं, तर ३२ अगदी खऱ्या फोटोंमध्येही सरासरीनं एक-दोन फोटो अडकणारच. दोन अडकले, यात आश्चर्य काहीच नाही. उलट तुम्ही कमी फोटो दिले असते तर अडकण्याची शक्यता कमी होती, म्हणजे भरपूर पुरावा दिल्याची शिक्षा तुम्हाला होतेय. मला राग येतो तो याचा.

ते दोन फोटो कोणत्या परिस्थितीत काढले, ते आठवा. दिवे गेलेले, मोबाईलचा टॉर्च, ओल्या रेशमावरची चमक. अंधारात मोबाईल एकापाठोपाठ अनेक फ्रेम घेऊन जोडतो आणि खरखर गुळगुळीत करतो. हा गुळगुळीतपणा सॉफ्टवेअरला बनावटीची खूण वाटू शकतो. मग फोटो व्हॉट्सॲपवरून गेले असतील, तर ते लहान झाले, पुन्हा दाबले गेले, आणि वेळ व कॅमेऱ्याची माहिती निघून गेली. पुढे कोणी ते पीडीएफमध्ये घातले असतील तर आणखी एक फेरफार. कंपनीनं मूळ फाईल तपासली की ही तिसऱ्या हातची प्रत, हे विचारायलाच हवं.

न्याय्य बोलायचं तर मोठा आकडा अगदी निरर्थक नाही. वरच्या उदाहरणात शंभरात एक बनावट अशी सुरुवात होती, आकड्यानंतर ती शंभरात पंधरावर गेली. नीट चौकशी करण्याइतकं हे कारण आहे. चौकशी न करता दावा फेटाळण्याइतकं नाही. आणि तुमच्या बाबतीत सर्व्हेअरनं माल डोळ्यांनी पाहिलाय, त्यामुळे सुरुवातीचा संशयच फार कमी धरायला हवा.

आता कायद्याचं. फसवणूक झाली असं जो म्हणतो, त्यानं ती सिद्ध करायची. इथे ते ओझं कंपनीवर आहे. भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३ मधलं कलम ३९ तज्ज्ञाच्या मताबद्दल आहे आणि कलम ४५ सांगतं की मत ज्या कारणांवर उभं आहे ती कारणंही तितकीच महत्त्वाची. ग्राहक आयोगात साक्षीपुराव्याचा कायदा काटेकोर लागत नाही, पण हा विचार तिथेही चालतो: ज्याची उलटतपासणी घेता येत नाही असा कोरा आकडा म्हणजे तज्ज्ञाचं मत नव्हे. सर्वोच्च न्यायालयानं २००९ मध्ये श्री वेंकटेश्वर सिंडिकेट प्रकरणात सांगितलंय की सर्व्हेअरचा अहवाल नाकारायचा तर कंपनीला पटणारी कारणं द्यावी लागतात. आणि २०१९ च्या सौराष्ट्र केमिकल्स निकालाप्रमाणे नकाराच्या पत्रात नसलेलं कारण कंपनी नंतर पुढे आणू शकत नाही. म्हणजे उद्या ‘स्टॉक रजिस्टर बरोबर नव्हतं’ असं नव्यानं म्हणता येणार नाही. ते पत्र आणि त्याचं पाकीट जपून ठेवा.

या आठवड्यात कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला ईमेल आणि स्पीड पोस्ट, दोन्हीनं पत्र पाठवा. मजकूर साधारण असा:

“आपण नमूद केलेले ९६ टक्के हे सॉफ्टवेअरचे गुण आहेत की फोटो बनावट असण्याची शक्यता? शक्यता असल्यास ती कशी काढली? सॉफ्टवेअरचे नाव व आवृत्ती, संशयितासाठी ठरवलेली मर्यादा, मोबाईलवर काढलेल्या व व्हॉट्सॲपवरून आलेल्या खऱ्या फोटोंवर ते किती वेळा चुकते याची नोंद, आमच्या सर्व ३२ फोटोंचे आकडे, तपासलेल्या फाईली व त्यांचा हॅश, निष्कर्षावर सही करणाऱ्या व्यक्तीची पात्रता, तसेच सर्व्हेअरच्या अहवालाची प्रत द्यावी. मूळ फोटो व मोबाईल तपासणीसाठी दाखवण्यास आम्ही तयार आहोत.”

हॅश म्हणजे फाईलचा बोटाच्या ठशासारखा ओळखक्रमांक; फाईल जराही बदलली की तो बदलतो. उरलेल्या ३० फोटोंचे आकडे मुद्दाम मागितलेत. त्याच कपाटाच्या, त्याच गठ्ठ्याच्या दुसऱ्या फोटोला कमी आकडा आला असेल, तर कंपनीची बाजू तिच्याच कागदानं पडते.

इथे एक चूक मात्र करू नका. फुकटच्या एखाद्या दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये फोटो टाकून ‘बघा, इथे ३ टक्के आले’ असं पत्रात लिहू नका. आकडा म्हणजे शक्यता नव्हे, हा तुमचा मुद्दा आहे. तोच आकडा आपल्या सोयीचा आला की पुढे केलात, तर मुद्दाच गेला.

मोबाईल विकू नका, फॉरमॅट करू नका. मूळ फाईली केबलनं पेनड्राईव्हवर घ्या, व्हॉट्सॲपनं नाही. त्याच मिनिटात काढलेले, पाठवायचे राहिलेले, हललेले फोटो सगळ्यात मोलाचे; ओळीनं घेतलेल्या फ्रेम्स एकमेकींना धरून असतात. प्रत काढून देताना त्याच साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ चं प्रमाणपत्र लागतं. त्याचे दोन भाग असतात, एक तुम्ही भरायचा, दुसरा तज्ज्ञानं, आणि त्यात फाईलचा हॅश लिहावा लागतो. सोबत खरेदीची जीएसटी बिलं, बँकेला दिलेलं स्टॉक स्टेटमेंट आणि शेजारच्या दोन दुकानदारांची प्रतिज्ञापत्रं ठेवा.

कंपनीनं महिन्याभरात उत्तर दिलं नाही किंवा नकार कायम ठेवला, तर दोन वाटा. विमा लोकपाल: गुजरातचं कार्यालय अहमदाबादला, फी नाही, ५० लाखांपर्यंतची भरपाई, आणि कंपनीच्या नकारानंतर एका वर्षाच्या आत जायचं. एका मालकाचं दुकान किंवा सूक्ष्म उद्योग तिथे जाऊ शकतो. पण तिथली सुनावणी थोडक्यात असते. फसवणुकीचा आरोप तपशिलात खोडायचा असेल तर बडोद्याचा जिल्हा ग्राहक आयोग मला जास्त योग्य वाटतो. तिथे मुदत दोन वर्षांची, सहसा नकाराच्या पत्रापासून धरतात. ‘दुकानदार ग्राहक नाही’ असा आक्षेप कंपनी घेईल. हार्सोलिया मोटर्स प्रकरणात २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं सांगितलंय की नुकसानभरपाईसाठी घेतलेला विमा हा नफ्याचा व्यवहार नव्हे, त्यामुळे केवळ दुकानदार म्हणून तुमची तक्रार बाद होत नाही.

पोलिसांचं म्हणाल, तर कंपनी फसवणुकीची तक्रार देऊ शकते, पण एवढ्या आकड्यावर गुन्हा सिद्ध होत नाही. बोलावलं तर वकिलाला घेऊन जा आणि मोबाईल दिलात तर पंचनाम्याची प्रत घ्या.

एक प्रश्न मात्र तुम्हालाच. या दोन फोटोंवर तुम्ही, मुलानं किंवा कुणीही मोबाईलमधलं ‘एन्हान्स’ किंवा नको ते पुसून टाकणारं साधन वापरलं होतं का? उजेड वाढवायला, मागचा माणूस काढायला, काहीही. अशी साधनंही आता एआयवरच चालतात, त्यामुळे आकडा त्यामुळेही आलेला असू शकतो. माल खरा आणि फोटो सजवलेला, ही गोष्ट खोट्या दाव्याहून वेगळी. पण पॉलिसीत ‘दाव्यात काहीही फसवं असल्यास सर्व लाभ जप्त’ अशी अट असते. तसं झालं असेल तर वरच्या पत्रात आपणहून ते लिहायचं आणि न सजवलेली मूळ फाईल जोडायची. पत्र पाठवण्याआधी घरात सगळ्यांना विचारा.