यलो कार्डांचा हिशेब लीगमध्ये वेगळा का?

प्रश्न: आमच्या बेळगावातल्या नॉकआउट स्पर्धेत दोन यलोवर मॅच हुकते, प्रीमियर लीगमध्ये पाच लागतात. असं का?

उत्तर: फरक सामन्यांच्या संख्येचा. प्रीमियर लीगमध्ये 38 सामने, म्हणून पहिल्या 19 सामन्यांत पाच यलो झाली तर एक सामना बाहेर. विसाव्या सामन्यात पाचवं मिळालं तर ही बंदी लागत नाही. कपमध्ये पाच-सहाच सामने. तिथं पाचाची मर्यादा ठेवली तर कुणीच अडकणार नाही.

पण दोनाचा नियम शेवटी फार कडक पडतो. 2002च्या वर्ल्डकपात बालाकला सेमीफायनलमध्ये दुसरं यलो मिळालं आणि फायनल हुकली. 2010पासून फिफा क्वार्टर फायनलनंतर एकेरी यलो पुसू लागली. तुमच्या आयोजकांनीही पुसण्याची फेरी स्पर्धेआधीच लिहून द्यावी, नाहीतर सेमीनंतर भांडण ठरलेलं.