नकाशातली विहीर आणि रकान्यातली रेघ

प्रश्न: आमच्याकडच्या शिवारफेरीत लावलेल्या फलकाचा फोटो टाकलाय. ‘द्रव खताच्या फवारणीने सोयाबीनचा उतारा 27 टक्के वाढला, पानं हिरवीगार राहिली, शेंगा वाढल्या, दाणा भरला’ असं लिहिलंय. यातलं किती खरं धरू? (औसा, जि. लातूर)

फोटो मोठा करून पाहिला. उजव्या कोपऱ्यात पेनने काढलेला नकाशा आहे, तिथूनच सुरुवात करा. विहिरीचा गोल आणि ओढ्याची रेघ फवारलेल्या प्लॉटला चिकटून आहे, न फवारलेला प्लॉट वर माथ्याला आहे. ओढ्याकडे भारी काळी आणि माथ्याला मुरमाड, हे आपल्याकडे एकाच गटात सर्रास असतं. त्यात फवारलेलं सोयाबीन बीबीएफवर, म्हणजे रुंद वरंब्यावर पेरलेलं आणि दुसरं सपाट. ऑगस्टच्या खंडात विहिरीजवळच्या प्लॉटला तुषारने एखादं पाणी दिलं का, हे फलक सांगत नाही. त्या शेतकऱ्याला विचाराच.

पण खरी मेख तक्त्यातल्या एका ओळीत आहे: ‘30 व 45 व्या दिवशी फवारणी (कीटकनाशकासह)’. शेजारच्या रकान्यात नुसती आडवी रेघ. म्हणजे न फवारलेल्या प्लॉटला कीटकनाशकही मिळालं नाही. खोडमाशी आणि चक्रीभुंगा एका बाजूला आवरले, दुसऱ्या बाजूला मोकाट. आता वाढलेला उतारा खताचा, औषधाचा, जमिनीचा की बीबीएफचा, हे कोणी सांगू शकत नाही. चारही गोष्टी एकाच प्लॉटच्या वाट्याला आल्या. याला कन्फाउंडिंग म्हणतात, आणि नंतर कितीही गणित केलं तरी हा गुंता या आकड्यांतून सुटत नाही.

आता एकेक दावा. 20 गुंठ्यांत 5.6 क्विंटल विरुद्ध 4.4, फरक 1.2 क्विंटल, म्हणजे 27 टक्के. गणित बरोबर आहे. पोती काट्यावर चढतात आणि काट्याला कोणता प्लॉट कोणाचा ते ठाऊक नसतं, म्हणून मोजणाऱ्याच्या कलाने हा आकडा फारसा बिघडत नाही. मळणीच्या वेळचा ओलावा मात्र लिहिलेला नाही, तेवढी शंका राहते. तर ‘खालच्या प्लॉटला जास्त माल निघाला’ हे धरा. ‘खतामुळे निघाला’ हे धरू नका.

पानांच्या हिरवेपणाचं उलट आहे. 10 पैकी 8.2 आणि 6.1 हे गुण शिवारफेरीला आलेल्यांनी नजरेने दिलेत, आणि फोटोतच दिसतंय की प्लॉटच्या तोंडाशी ‘फवारलेले’ अशी पाटी आहे. पाटी वाचून मग पान पाहिलं की पान हिरवंच दिसतं. मोजणाऱ्याला कोणता प्लॉट कोणता हे कळू न देणं म्हणजे ब्लाइंडिंग. ते इथे नाही. हा दावा दोन्ही बाजूंनी पडतो, सोडून द्या.

शेंगा प्रत्येकी 10 झाडांच्या मोजल्या: 52 आणि 38. झाडं कशी निवडली ते लिहिलेलं नाही. हा मोह मला ठाऊक आहे. एका प्रात्यक्षिकात मीच शेंगा मोजत होतो आणि संध्याकाळी लक्षात आलं की चांगल्या प्लॉटात माझा हात आपोआप डेरेदार झाडाकडे जात होता. शिवाय 10 झाडं म्हणजे 10 प्रयोग नव्हेत. प्लॉट एकेकच आहे, 500 झाडं मोजली तरी तुलना एकच राहते.

‘दाणा भरला’ हे तर फलकच खोडून काढतो. 100 दाण्यांचं वजन 11.6 आणि 11.5 ग्रॅम. इतकी अनुकूलता मिळूनही फरक दिसला नाही. म्हणून खताचा दाण्यावर परिणाम होतच नाही असं मात्र म्हणू नका, गुंता फरक लपवूही शकतो. ‘दाणा भरला’ याला पुरावा नाही, एवढंच.

खत घ्यायचंच मनात असेल तर येत्या खरिपात स्वतःच्याच शेतात पाहा. माथ्यापासून ओढ्यापर्यंत जाणाऱ्या 12 पट्ट्या आखा, म्हणजे प्रत्येकीत मुरूमही येईल आणि काळीही. शेजारच्या दोन-दोन पट्ट्यांच्या 6 जोड्या करा आणि प्रत्येक जोडीत खत कुठे हे नाणं उडवून ठरवा. बियाणं, पेरणी, कीटकनाशक सगळीकडे सारखं. बिनखताच्या पट्टीलाही तेवढंच पाणी आणि औषध. वाऱ्याने फवारा शेजारी उडतो, म्हणून कडेची तासं सोडून मधल्याच तासांचा माल वेगळा तोला. खताचा रंग-वास फवारणाऱ्याला कळणारच, त्याला इलाज नाही. पण पट्ट्यांना फक्त 1 ते 12 नंबर द्या, खताची यादी घरी कोणाकडे तरी ठेवा आणि शेंगा मोजायला असा माणूस बोलवा ज्याने फवारणी पाहिलेली नाही. त्याला सांगा, प्रत्येक दहाव्या पावलाला पायापाशी येईल तेच झाड घ्यायचं.

सहाही जोड्यांत खताची पट्टी वरचढ ठरली, तर खताचा काही परिणाम नसताना निव्वळ नशिबाने तसं होण्याची शक्यता 64 मध्ये 1. मग वाढलेल्या मालाची किंमत आणि खताचा खर्च समोरासमोर मांडा. चार इकडे, दोन तिकडे असं आलं तर पैसे खिशातच ठेवा.