थेट प्रक्षेपणाच्या घोषणेचा मजकूर कसा लिहावा?

प्रश्न: आमचा घरगुती गोडा मसाला आम्ही यूट्यूबवर लाइव्ह येऊन बाजारात आणणार आहोत. इन्स्टाग्राम आणि व्हॉट्सअॅपवर टाकण्यासाठी कॅप्शनमध्ये वेळ, कार्यक्रम आणि सामील होण्याची पद्धत कशी लिहावी?

उत्तर: माझ्या लोणच्यांच्या पहिल्या लाइव्हच्या वेळी मी ‘आज रात्री 8 वाजता’ असे लिहिले होते. तो मजकूर नातेवाइकांच्या गटांत दुसऱ्या दिवशीही फिरत राहिला आणि काही जण चोवीस तास उशिरा येऊन मलाच विचारू लागले. तेव्हापासून मी ‘आज’ आणि ‘उद्या’ हे शब्द टाळून वार, तारीख आणि ‘भारतीय वेळ’ असे लिहितो. यूट्यूबच्या पानावर प्रत्येकाला आपापल्या गावची वेळ दिसते, पण कॅप्शनमधला आकडा कोणासाठी बदलत नाही. म्हणून परदेशी ग्राहक असतील, तर त्यांची वेळ आपणच द्यावी.

तुमच्यासाठी नमुना असा (तारीख उदाहरणादाखल आहे):

> शनिवार, 10 ऑक्टोबर 2026, रात्री 8:00 (भारतीय वेळ): आमचा नवा गोडा मसाला यूट्यूबवर थेट पाहा.
> दुबई सायं. 6:30, लंडन दुपारी 3:30, न्यू जर्सी सकाळी 10:30.
> दगडफूल, खोबरे आणि तीळ तुमच्यासमोर भाजू, त्याच मसाल्याची आमटी करू आणि 8:30 वाजता किंमत सांगून नोंदणी सुरू करू.
> आत्ताच लिंक उघडून Notify me दाबा. 8 वाजता तीच लिंक पुन्हा उघडा. नुसते पाहायला खाते लागत नाही, Notify me साठी किंवा प्रश्न विचारायचा असल्यास गूगल खात्याने साइन इन करा.

इन्स्टाग्रामवर कॅप्शनचा सुरुवातीचा थोडाच भाग दिसतो आणि उरलेला ‘more’ दाबल्यावर उघडतो. त्यामुळे वेळ आणि वस्तू पहिल्याच ओळीत हवी, शुभेच्छा व कौतुक नंतर. तिथे कॅप्शनमधली लिंक दाबली जात नाही, म्हणून ती प्रोफाइलमध्ये ठेवून ‘लिंक बायोमध्ये आहे’ असे लिहावे. व्हॉट्सअॅपवर मात्र लिंक मजकुरातच द्यावी. एकच मजकूर दोन्हीकडे चिकटवण्याचा आळस इथे महागात पडतो.

कार्यक्रमाच्या ओळीत ‘खास सरप्राइज’ लिहिण्यापेक्षा किंमत किती वाजता कळेल ते लिहावे. ज्याला फक्त विकत घ्यायचे आहे, तो त्याच मिनिटाला येतो आणि तसे येऊ देण्यात काही वावगे नाही. ती 8:30 ची वेळ मात्र पाळावी लागते, म्हणून भाजण्याची तालीम घड्याळ लावून करा.

घोषणेआधी चॅनेलवर लाइव्हची सुविधा सुरू करून ठेवा, कारण पहिल्यांदा ती मिळायला 24 तासांपर्यंत लागू शकतात. मोबाइलवरून लाइव्ह करायचे असल्यास किमान 50 सदस्यही हवेत. वेळ बदललीच, तर नवे प्रक्षेपण तयार न करता आधीच्याच प्रक्षेपणाची वेळ बदला, म्हणजे लोकांकडे पोहोचलेली लिंक तीच राहील, आणि गटांत ‘वेळ बदलली’ असा वेगळा संदेश पाठवा.