‘कॅलिब्रेटेड स्कोअर’ कशाला म्हणायचं?

प्रश्न: “कॅलिब्रेटेड स्कोअर म्हणजे नेमकं काय? नागपूरच्या पोस्टींवर मराठी की हिंदी ते ओळखायला तीन डिटेक्टर लावलेत, तिघंही एका पोस्टला ‘मराठी ०.९’ म्हणतात, मग एकत्र मिळून ०.९९ लिहू का?”

नका लिहू. ज्या ज्या पोस्टींना ०.९ मिळालं त्या सगळ्या उघडून माणसानं वाचल्या आणि शंभरातल्या साधारण नव्वद खरंच मराठी निघाल्या, तरच तो स्कोअर कॅलिब्रेटेड. सत्तरच निघाल्या तर आकडा फुगवलेला आहे. एकट्या पोस्टीवरून हे कळतच नाही, ढीग लागतो.

प्रत्येकाचं ०.९ म्हणजे शक्यता ९ ला १, तिघांचा गुणाकार केला की ७२९ ला १, म्हणजे जवळपास ०.९९९. पण हा गुणाकार तेव्हाच चालतो जेव्हा तिघांच्या चुका एकमेकांपासून स्वतंत्र असतात, आणि इथं त्या नसतात. तिघंही पुस्तकी, प्रमाण मजकुरावर शिकलेले असतील तर आपल्याकडचं “काय करून राहिला बे” समोर आलं की तिघंही सोबतच अडखळतात. आणि “आज बर्डी मार्केट बंद” तर दोन्ही भाषांत जसंच्या तसं बसतं, त्यात भाषा ओळखायला काही नाहीच, तिथं तिघांचं एकमत पुरावा म्हणून धरू नये.

मग करायचं असं: हातानं लेबल लावलेल्या पोस्टींवर, डिटेक्टरांनी ट्रेनिंगमध्ये न पाहिलेल्या, लॉजिस्टिक रिग्रेशन बसवायचं, म्हणजे प्रत्येक डिटेक्टरच्या स्कोअरला, p_i ला, किती वजन w द्यायचं आणि वर किती b मिळवायचा हे त्या लेबलांवरून शिकायचं.

```
z_i = ln(p_i / (1 - p_i))
p = 1 / (1 + exp(-(b + w1*z1 + w2*z2 + w3*z3)))
```

०.९ चा z म्हणजे २.२. समजा वजनं ०.३५, ०.२५, ०.२० आली आणि b शून्य, तर बेरीज १.७६ आणि p साधारण ०.८५. तिघं मिळून एकट्यापेक्षा कमी! यात गडबड नाही, वजनांची बेरीज १ च्या खाली आली म्हणजे डिटेक्टर मुळातच जास्त खात्रीनं बोलत होते. (p_i बरोबर ० किंवा १ आला तर ln फुटतो, म्हणून आधी ०.००१ आणि ०.९९९ वर कापा.)

यात सर्वात जास्त दुर्लक्ष होतं ते प्रमाणाकडे. लेबल लावलेल्या पोस्टींत मराठी-हिंदी अर्ध्या-अर्ध्या होत्या आणि खऱ्या ग्रुपमध्ये पाचातली एकच मराठी असेल, तर त्या १.७६ च्या बेरजेत ln(१/४), म्हणजे −१.३९ मिळवावं लागतं, आणि तेच ०.८५ खाली येऊन ०.५९ होतं. पोस्ट तीच, डिटेक्टर तेच.

तपासताना ०.८५ ते ०.९५ मधल्या पोस्टी वेगळ्या काढून मोजा, पण तीसच असतील तर २४ मराठी निघाल्या काय किंवा ३० निघाल्या काय, दोन्ही नुसत्या योगायोगानंही होऊ शकतं, त्यामुळे निदान दोनेकशे तरी घ्या. आणि दोन-तीन शब्दांच्या पोस्टींचा हिशोब वेगळा ठेवा, कारण लांब पोस्टींच्या गर्दीत त्यांची चूक झाकली जाते.